तीन तासांचा पेपर आणि हातातला पेन

आज आम्ही बोलणार आहोत एका दहा रुपयांच्या वस्तूबद्दल, म्हणजे पेनाबद्दल. तुमच्यापैकी कुणाचं लेकरू दहावी-बारावीला असेल, कुणी स्वतः सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षेला बसत असेल, कुणी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत असेल. तीन तास सलग लिहायचं म्हटलं की अभ्यासाइतकाच हातही लागतो. आणि हात टिकतो की नाही, हे बरंचसं पेनावर असतं. आम्हाला हे आधी माहीत नव्हतं. आमच्या गटाच्या खजिनदार ताईंमुळे ते कळलं, म्हणून त्यांचीच गोष्ट सांगतो. त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे, फक्त नाव घेऊ नका म्हणाल्या.

खजिनदार ताई तेहेतीस वर्षांच्या. अंगणवाडीत जागा निघाली तर अर्ज करायचा, हे त्यांच्या मनात पक्कं. पण आता मदतनीस व्हायलाही बारावी पास लागते, आणि पस्तिशीची अट आहे. म्हणजे त्यांच्या हातात दोन वर्षं. गेल्या वर्षी त्यांनी कला शाखेतून बारावीचा फॉर्म भरला. सगळे विषय सुटले, इतिहास चार गुणांनी राहिला. निकाल बघून आम्ही विचारलं, "ताई, इतिहास तर तुमचा पाठ होता, मग झालं काय?" त्या म्हणाल्या, "शेवटचे दोन प्रश्न येत होते गं, पण हातच उचलेना."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पेपरच्या आदल्या दिवशी त्यांनी बाजारातून नवा जेल पेन आणला होता. पहिला तास अक्षर मोत्यासारखं आलं. मग पेन मधेच शाई सोडेना. त्यांनी झटकला, पुन्हा लिहिला, पुन्हा अडला. शेवटी पिशवीतला दुसरा पेन काढला, तो आपल्या गटाच्या पावत्या फाडायचा जाड टोकाचा बॉलपेन. त्यानं पुढचा पाऊण तास लिहिलं आणि अंगठ्याच्या मुळाशी कळा सुरू झाल्या. शेवटची वीस मिनिटं त्या हात चोळत बसल्या होत्या.

पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्ये होती. दीड महिना हातात होता. आम्ही ठरवलं, अभ्यास त्या करतील, पेन आपण शोधू.

आता पहिली गोष्ट, पेन चालतो कसा ते समजून घेऊ. बॉलपेन असो की जेल पेन, दोन्हीच्या टोकाला एक बारीकशी कठीण गोळी असते. ती पितळी किंवा पोलादी खोबणीत बसवलेली असते. कागदावर पेन ओढला की गोळी फिरते, आतली शाई अंगाला लावून घेते आणि कागदावर सोडते. फरक आहे तो शाईत.

साध्या बॉलपेनची शाई तेलकट असते आणि काकवीसारखी घट्ट. घट्ट शाईतून गोळी फिरवायची तर जोर द्यावा लागतो. म्हणून साधा बॉलपेन थोडा दाबूनच लिहावा लागतो. फायदा असा, की ती शाई कागदात फार मुरत नाही, लगेच सुकते, पाणी पडलं तरी ओघळत नाही, आणि एक रिफिल खूप दिवस पुरते.

जेल पेनची शाई पाण्यातली असते. ती नळीत दह्यासारखी घट्ट बसून राहते आणि गोळी फिरली की तेवढ्यापुरती पातळ होते. घट्ट लागलेलं दही चमच्यानं ढवळलं की कसं सैल होतं, तसंच. त्यामुळे जेल पेनाला जोर लागत नाही, नुसता टेकवून ओढला तरी गडद रेघ उमटते. हात थकत नाही. पण शाई भराभर संपते, सुकायला काही क्षण जास्त लागतात, आणि नळीत हवा शिरली की पेन अडतो.

यांच्या मधला एक तिसरा प्रकार आता बाजारात आहे. तो दिसायला बॉलपेनच, शाईही तेलकटच, पण ती पातळ केलेली. काकवीत थोडं कोमट पाणी घालावं तशी. दुकानात त्याला कुणी 'स्मूथ बॉलपेन' म्हणतं, कुणी 'बटर' म्हणून मागतं. जोर कमी लागतो आणि रेघ लगेच सुकते. ताईंची गाडी शेवटी याच प्रकारावर येऊन थांबली. का थांबली, ते आता सांगतो.

आम्ही आधी ताईंचा हात तपासला. त्यांनी एक पान लिहिलं. आम्ही ते उलटं करून मागच्या बाजूनं बोटं फिरवली. अक्षरं खडबडीत लागत होती, डोळे मिटूनही ओळी मोजता आल्या असत्या. म्हणजे त्या पेन फार दाबतात. कारण विचार केल्यावर लगेच सापडलं. दहा वर्षं त्या गटाच्या पावत्या लिहितात. पावतीपुस्तकात कार्बन असतो, खालच्या दोन प्रतींवर उमटायला पाहिजे म्हणून दाबून लिहायची सवय लागली. ती सवय परीक्षेतही हातात आली.

तुम्हीही घरी हे करून बघा. लेकराच्या वहीचं पान उलटं करा आणि बोट फिरवा. पान सपाट लागलं तर हात हलका आहे. खडबडीत लागलं तर हात जड आहे. अशा लेकराला घट्ट शाईचा पेन दिला तर ते आणखीच दाबतं. त्याला हलकी शाई पाहिजे. आणखी एक खूण सांगतो. लिहीत असताना मागून येऊन हळूच पेन ओढून बघा. सहज निसटला तर पकड ठीक आहे. निसटत नसेल, बोटाचं नख पांढरं पडलं असेल, तर पकड फार घट्ट आहे.

मग आम्ही तीन पेन घेतले. पहिला पावत्यांचा, जाड टोकाचा बॉलपेन, त्यावर १.० लिहिलेलं. दुसरा ०.५ चा जेल. तिसरा पातळ शाईचा ०.७ चा बॉलपेन. हा आकडा त्या गोळीचा व्यास असतो, मिलिमीटरमध्ये. रेघ त्याहून बारीक उमटते. बॉलपेनच्या ०.७ ची रेघ आणि जेलच्या ०.५ ची रेघ जवळजवळ सारखीच दिसते, कारण जेलची शाई कागदावर थोडी पसरते. म्हणून दोघांचा आकडा सारखा मागू नका.

आपल्या देवनागरीला हे जास्त लागू आहे. आपल्या अक्षरांत पोटं असतात, 'क्ष', 'ज्ञ', 'ठ', 'भ', 'म'. जाड रेघेनं भरभर लिहिलं की ती पोटं बुजतात, 'भ' आणि 'म' सारखे दिसायला लागतात. तपासणाऱ्याला वाचायला त्रास होतो. आणि फार बारीक टोक घेतलं, तर ते कागदाला टोचत चालतं, खरखर लागते आणि हात लवकर दुखतो. म्हणून मराठी लिहिणाऱ्यानं बॉलपेन ०.६ किंवा ०.७ चा घ्यावा आणि जेल ०.५ चा, असं आमचं मत बनलं.

आता कसोटी कशी घेतली ते ऐका. तीन दिवस, रोज संध्याकाळी जेवणानंतर, त्याच वेळेला, त्याच टेबलावर. रोज एक पेन. ताईंनी इतिहासाच्या पुस्तकातून सलग एक तास उतरवून घ्यायचं. पहिल्या दहा मिनिटांत किती ओळी झाल्या ते आम्ही मोजायचं, आणि शेवटच्या दहा मिनिटांत किती झाल्या तेही मोजायचं. पहिली दहा मिनिटं कुठलाही पेन चांगलाच वाटतो. दुकानात आपण काय करतो, चिठ्ठीवर दोन गोल काढतो आणि पेन घेतो. पण दोन गोलांत पेन कळत नाही. तो एका तासानंतर कळतो.

पावत्यांच्या पेनानं पहिल्या दहा मिनिटांत एकोणीस ओळी झाल्या, शेवटच्या दहा मिनिटांत चौदा. जेलनं पहिल्या एकवीस, शेवटच्या वीस. पातळ शाईच्या बॉलपेननं पहिल्या वीस, शेवटच्या एकोणीस. म्हणजे जुन्या पेनानं ताईंचा वेग तासाभरात पाव हिश्श्यानं उतरत होता. आणि परीक्षेत तर तीन तास असतात. त्यांचे शेवटचे दोन प्रश्न कुठे गेले, ते आम्हाला या आकड्यांत दिसलं.

मग तुम्ही म्हणाल, जेल सगळ्यांत पुढे होता, तोच का नाही घेतला? त्याला दोन कारणं आहेत.

एक कारण शाईचं. तीन तासांच्या पेपरात किती शाई जाते, याचा आम्ही अंदाज काढला. शिवणाचा दोरा घेतला, वहीत लिहिलेल्या 'परीक्षा' या शब्दावरून शिरोरेघेसकट फिरवला आणि मग पट्टीवर मोजला. साधारण आठ सेंटिमीटर भरला. ताई पूर्ण पेपरात वीस पानं लिहितात. पानाला अठरा-एकोणीस ओळी, ओळीत आठ शब्द, म्हणजे पानाला दीडशे शब्द. वीस पानांचे तीन हजार शब्द. तीन हजार गुणिले आठ सेंटिमीटर, म्हणजे दोनशे चाळीस मीटर. एका पेपरात ताईंचा हात कागदावर पाव किलोमीटर चालतो! जेलची साधी रिफिल ढोबळमानानं पाचशे ते आठशे मीटर चालते. म्हणजे दोन ते तीन पेपर. त्यात सरावाचं लिखाण धरलेलं नाही. जेल वापरायचा असेल तर दर दुसऱ्या पेपराला नवी रिफिल टाका आणि अर्धी झालेली घरी सरावाला ठेवा. बॉलपेनची रिफिल हजार मीटरच्या पुढे सहज जाते, चार-पाच पेपर निघतात.

दुसरं कारण हवेचं. पुरवणी परीक्षा पावसाळ्यात. हवा दमट, कागद दमट, हात घामट. दमट कागदावर जेलची शाई पसरते आणि मागच्या पानावर दिसते. उत्तरपत्रिकेत आपण पाठपोट लिहितो, म्हणजे दोन्ही बाजू घाण होतात. आम्ही एक सोपी परीक्षा केली. जेलनं एक ओळ लिहिली, मनातल्या मनात पाच अंक मोजले आणि ओल्या बोटानं पुसलं. शाई फरफटली. बॉलपेनची जागची हलली नाही. सगळ्याच जेलची फरफटते असं नाही, काही जेलची शाई एकदा सुकली की पाण्यालाही दाद देत नाही. म्हणून आपण घेतलेल्या पेनाची ही परीक्षा घरी नक्की करा. डावखुऱ्या लेकरांच्या आयांनी तर करायलाच पाहिजे, कारण त्यांचा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून सरकत जातो.

उन्हाळ्यातल्या, कोरड्या हवेतल्या परीक्षेला, हलक्या हाताच्या मुलीला जेल उत्तम. आमच्याच गटातल्या एकीची मुलगी दहावीला जेलनंच लिहिते आणि सुंदर लिहिते. म्हणून जेल वाईट असं आम्ही म्हणत नाही. ताईंचा हात, ताईंचा महिना आणि ताईंचा कागद यांना तो बसला नाही, एवढंच.

आता पकडीचं बोलू. ताईंचा जुना पेन काडीसारखा बारीक होता. बारीक काडी धरायला बोटं जास्त आवळावी लागतात. विळा बघा, त्याची मूठ कापड गुंडाळून जाड केली की हात कमी भरून येतो. पेनाचंही तसंच. धरायच्या जागी साधारण करंगळीएवढी जाडी असावी. फार जाड घेतला तर लहान हाताच्या मुलीला बोटं फाकवावी लागतात, तेही दुखतं. रबराची पकड घामात घसरत नाही, पण रबर घट्ट बसलेलं पाहिजे. गोल गोल फिरणारं रबर नको. नुसत्या गुळगुळीत प्लास्टिकवर बोटं घसरतात आणि आपण नकळत आणखी आवळतो.

पकड टोकापासून किती वर आहे, तेही बघा. बोटं टोकापासून दोन-अडीच सेंटिमीटर वर आली पाहिजेत. रबर त्याहून वर असेल तर ते कामाचं नाही. टोपण मागे लावून लिहायची सवय असेल, तर तसंच लिहून बघा. जड टोपण मागे लावलं की पेन मागे झुकतो आणि अंगठ्याला ओढ बसते. ताईंनी टोपण काढून बाजूला ठेवायला सुरुवात केली, तेवढ्यानंही फरक पडला.

आणखी एक, पेन फार आडवा धरू नका. बॉलपेन आडवा पडला की गोळीऐवजी खोबणीची कड कागदाला घासते. मग रेघ तुटते, खरखर होते, आणि आपण म्हणतो पेन खराब आहे.

आता कुठल्या कंपनीचा घ्यायचा? हा प्रश्न सगळ्याच विचारतात. आम्ही कुणाची जाहिरात करत नाही. पण आपल्या तालुक्याच्या बाजारात वर्षानुवर्षं मिळणारी, पेन आणि रिफिल दोन्ही बनवणारी नावं आहेत. सेलो, रेनॉल्ड्स, लिंक, फ्लेअर, मॉन्टेक्स, क्लासमेट, आणि थोड्या महागात पायलट. पातळ शाईच्या बॉलपेनमध्ये सेलोचा बटरफ्लो आणि लिंकचा पेंटॉनिक सहज मिळतात. जेलमध्ये क्लासमेटचा ऑक्टेन, लिंकचा ओशन, आणि 'अ‍ॅड जेल' ही नावं दुकानदाराला माहीत असतात. यातला कुठला तुमच्या हाताला बसतो, ते तासाभराच्या कसोटीनंच ठरेल. ताईंनी पेंटॉनिक घेतला म्हणून तुम्ही घ्यावा असं नाही.

चांगल्या नावाचा पेन घेऊनही फसगत होते, ती दोन प्रकारे. एक म्हणजे नकली माल. नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे, रंग आणि डबी अगदी तशीच. बघायचं कसं? डबीवर किंवा पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, किंमत, बनवल्याचा महिना आणि वर्ष, आणि तक्रारीसाठी संपर्क असलाच पाहिजे, हा कायद्याचा नियम आहे. पेन सुटा घेत असाल तर दुकानदाराला डबी दाखवायला सांगा. दाखवायला तो टाळाटाळ करत असेल, तर तिथून घेऊ नका. 'जर्मन शाई', 'स्विस टोक' असे शब्द कुठल्याही पेनावर छापलेले असतात, त्यावरून काही ठरत नाही.

दुसरी फसगत जुन्या मालाची. पेनही शिळा होतो. जेलची शाई सुकते, बॉलपेनची आणखी घट्ट होते. ताईंचा तो पहिला जेल पेन असाच असावा. दुकानात उन्हात टांगलेला, कोण जाणे किती दिवसांचा. म्हणून वर्ष बघा, दोन वर्षांच्या आतला घ्या. जेल पेनाची नळी उजेडात धरा. शाईच्या मागच्या टोकाला पारदर्शक चिकट वंगणाचा थर दिसतो. तो शाई मागून सुकू नये म्हणून असतो. तो थर शाईला चिकटून, सलग असला पाहिजे. शाईत मधे पांढरी फट दिसली, तर तिथे हवा आहे. लिहिता लिहिता ती हवा टोकाशी आली की पेन अडणार. नव्या जेलच्या टोकाला मेणाचा किंवा रबराचा बारीक मणी असतो. तो असेल तर रिफिल कुणी वापरलेली नाही असं समजा.

घेतल्यावर कसा वापरायचा, तेही थोडं सांगतो. जेल पेन झटकू नका. झटकला की शाई मागे जाते आणि हवा पुढे येते. ताईंनी पेपरात नेमकं हेच केलं होतं. अडला तर रबरी चपलेच्या स्वच्छ तळव्यावर किंवा खोडरबरावर हलकेच दोन गोल फिरवा, गोळी सुटते. काडीपेटीनं टोक तापवू नका, खोबणी सैल होते आणि पेन गळतो. कुठलाही पेन टोकावर पडला तर तो परीक्षेला नेऊ नका, गोळीची बैठक हलते. दिसायला काही दिसत नाही, पण रेघ एका बाजूला तुटते किंवा शाईचे ठिपके पडायला लागतात.

बॉलपेन कागदाच्या एखाद्याच जागी उमटत नसेल, तर दोष बहुतेक वेळा पेनाचा नसतो, हाताच्या तेलाचा असतो. केसांना तेल लावून किंवा स्वयंपाक करून तसंच लिहायला बसलं की तळव्याचं तेल कागदाला लागतं. तेलकट जागेवर गोळी फिरत नाही, नुसती घसरते. परीक्षेच्या दिवशी हात साबणानं धुवून जा आणि तळव्याखाली स्वच्छ रुमाल ठेवा. कागदाखालीही सपाट पॅड असावं. खाली बाकाच्या खाचा असल्या की चांगला पेनही ठेचकाळतो.

रंगाचं म्हणाल तर निळा किंवा काळा, आणि जो धरला तो शेवटपर्यंत. लाल-हिरवा तपासणाऱ्यांचा असतो. गोल काळे करायच्या परीक्षांना, म्हणजे भरतीच्या, टीईटीच्या वगैरे, जेल नेऊ नका. तिथे बहुधा काळा बॉलपेनच सांगितलेला असतो. हॉल तिकिटावर काय लिहिलंय ते आधी वाचा आणि तसंच करा.

आता ताईंचं पुढे काय झालं? आम्ही परीक्षेच्या महिनाभर आधी एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे पाच पेन घेतले. आधी एकच घेतला होता. तो तासभर चालवून पसंत पडल्यावरच बाकीचे चार आणले. पाचही पेन त्यांनी सरावात थोडे थोडे चालवले, प्रत्येकी दोन-दोन पानं. नवा कोरा पेन पेपरात पहिल्यांदा उघडायचा नाही, असं ठरवलं. त्यातला एक पेन मधेच रेघ सोडत होता, तो बाजूला काढला. चांगल्या कंपनीच्याही पाचात एखादा असा निघतो.

सगळ्यांत अवघड होतं ते दाबायची सवय सोडणं. पेन बदलला तरी पहिला आठवडा पान मागून खडबडीतच लागत होतं. मग आम्ही एक युक्ती केली. पानाखाली पावतीपुस्तकातला कार्बन आणि त्याखाली कोरा कागद ठेवला. गटात आपण प्रत उमटावी म्हणून धडपडतो, इथे उलटं. खालच्या कागदावर जितकं फिकट उमटेल तितकं चांगलं. ताई रोज लिहून झाल्यावर खालचा कागद बघायच्या. तिसऱ्या आठवड्यात तो जवळजवळ कोरा निघायला लागला. गटाच्या पावत्या त्या महिन्यात आम्ही दुसऱ्या बाईकडे दिल्या, म्हणजे जुनी सवय मधे मधे परत यायला नको.

पेपरच्या दिवशी त्या तीन पेन घेऊन गेल्या. तासातासाला पेन बदलला. पेन बिघडला म्हणून नाही, बोटांना जागा बदलायला मिळावी म्हणून. प्रश्न संपला की हात खाली सोडून दहा आकडे मोजायच्या. घरी आल्या तेव्हा आम्ही ओट्यावरच वाट बघत बसलो होतो. त्यांनी आधी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सगळे प्रश्न लिहिले गं. शेवटी सात मिनिटं उरली, ती वाचून काढण्यात घातली."

निकालात इतिहास सुटला. तो त्यांच्या अभ्यासानं सुटला, पेनानं नाही. पण अभ्यास कागदावर उतरायला हात लागतो, आणि या वेळी तो दुखला नाही. अंगणवाडीची जागा अजून निघालेली नाही. निघेल तेव्हा अर्ज लिहायला त्यांच्याकडे बारावीचं प्रमाणपत्र आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात यंदा कुणी परीक्षेला असेल, तर या आठवड्यात एवढं करा. त्यांच्या वहीचं पान उलटं करून बोट फिरवा. मग तासभर त्यांच्या शेजारी बसा आणि पहिल्या दहा मिनिटांच्या आणि शेवटच्या दहा मिनिटांच्या ओळी मोजा. दोन आकड्यांत फार फरक पडला, तर पेन बदलून पुन्हा मोजा. आकडे वहीत लिहून पुढच्या मासिक बैठकीला घेऊन या. पाच-सहा घरांचे आकडे जमले, तर गटातर्फे एकदम डबी आणता येईल, स्वस्तही पडेल. पावतीपुस्तकासाठी मात्र तो जुना जाड बॉलपेनच ठेवा बरं का! तिथे जेल चालवलात तर खालची प्रत कोरी निघेल आणि हिशोबाला आम्हालाच भांडाल.